सदर महिला कामगार

मेल परत आला. गुरुवारी सकाळी अकरा वाजता, कारखान्यांची तपासणी करणाऱ्या सरकारी कार्यालयाकडून. चार ओळी होत्या. "आपला ईमेल मराठी व इंग्रजी अशा मिश्र भाषेत असून त्यातून अपघाताचा घटनाक्रम स्पष्ट होत नाही. मशीनवर संरक्षक जाळी होती किंवा कसे, याचा स्वतंत्र खुलासा करावा. खुलासा एकसंध मराठीत, उद्या सायंकाळी पाच वाजेपर्यंत पाठवावा."

अभिनंदननं तो वाचला आणि खुर्ची मागं ढकलली. नंदुरबारच्या बाहेर, मिरची वाळवायच्या पथाऱ्या संपतात तिथं त्याच्या वडिलांचा, कांतीलालशेठचा, मिरची दळायचा कारखाना होता. हंगामात आजूबाजूला नजर जाईल तिथवर लाल जमीन. नवा माणूस आला की आधी शिंकायचा आणि मग नमस्कार करायचा. अभिनंदन पुण्याला शिकून तीन वर्षांपूर्वी परतला आणि येताना भाषा घेऊन आला. ती इंग्रजीही नव्हती, मराठीही नव्हती. वाक्याचं शेपूट तेवढं मराठी.

"रोशनीताई, हे बघा ना प्लीज. लँग्वेज इश्यू काढलाय त्यांनी. सिम्पल गोष्ट आहे, बट ह्यांना प्युअर मराठी पाहिजे."

रोशनी कारखान्याचा पत्रव्यवहार बघायची. म्हसावदची पोरगी, इथं भाड्याच्या खोलीत राहायची. घरात अहिराणी. शाळेत पहिल्या दिवशी तिनं "मन्हं नाव रोशनी शे" म्हटलं आणि गुरुजी हसले, मग सगळा वर्ग हसला. त्या हसण्याचा सूड म्हणून तिनं प्रमाण मराठी शिकून घेतली. वाण्याच्या पुड्यांचे कागद वाचून, तलाठ्याच्या भिंतीवरच्या सूचना पाठ करून. कुणी शिकवलं नाही. म्हणून त्या भाषेचा तिला ताठा होता. तो असायलाच हवा होता, आणि त्यानंच तिचा घात केला.

"मेल पाठवा माझ्याकडे," ती म्हणाली. "करते."

"फक्त लँग्वेज हां. कंटेंट नाही टच करायचा."

मेल तिच्या पडद्यावर आला. अभिनंदननं लिहिलं होतं:

"रिस्पेक्टेड सर, सोमवारी आमच्या युनिटमध्ये अनफॉर्च्युनेटली एक छोटा इन्सिडन्ट झाला. मेंटेनन्सच्या पर्पजने मशीनचा गार्ड टेम्पररी रिमूव्ह केलेला असताना वर्करने इन्स्ट्रक्शन्स फॉलो न करता मशीन हँडल केली, सो तिच्या हाताला इन्जुरी झाली. आम्ही इमिजिएटली फर्स्ट एड प्रोव्हाइड केलं. आमच्याकडे सेफ्टी कव्हर ऑलवेज इन्स्टॉल्ड असते. तुम्ही प्लीज केस क्लोज करा आणि आपण को-ऑपरेट कराल ही एक्स्पेक्टेशन. रिगार्ड्स."

छोटा इन्सिडन्ट म्हणजे सिंधुबाईची उजव्या हाताची दोन बोटं. अंगठ्याशेजारचं आणि मधलं. मशीनच्या पट्ट्यात गेली. एक सापडलं, दुसरं मिरचीत गेलं. त्या दिवशीचा तो सगळा माल बाजूला काढून ठेवावा लागला, त्याचीच हळहळ कारखान्यात जास्त झाली. हे लिहायला कडू वाटतं, पण झालं तसं झालं.

रोशनीनं बाही सावरली आणि कामाला लागली. अशा कामात एक सुख असतं. गहू निवडताना असतं तसं. खडा दिसला की उचल.

तिची पद्धत ठरलेली. आधी मेल सबंध वाचायचा, एकही अक्षर न बदलता. कोण लिहितंय, कुणाला लिहितंय, काय मागतंय. सरकारी साहेबाला खुलासा जातोय, म्हणजे सूर नम्र, पण लाचार नाही. मग क्रियापदं. "फॉलो करणे", "हँडल करणे", "प्रोव्हाइड करणे" ही लंगडी जनावरं आधी गोठ्यातून बाहेर. पालन करणे, हाताळणे, देणे. मग "सो", "बट", "ऑलवेज" असले वाक्यात सांडलेले तुकडे. पण मशीन मशीनच ठेवायचं. डॉक्टर डॉक्टरच, ईमेल ईमेलच. जे शब्द मराठीत येऊन घर करून राहिलेत त्यांना हुसकून लावणारे दीडशहाणे तिला आवडत नसत. मशीनवरच्या पट्टीवर कोरलेला नंबर इंग्रजी अक्षरांत होता, तो तिनं विषयात जसाच्या तसा घातला. नंबराचं भाषांतर केलं तर मशीनच सापडायचं नाही.

मग "तुम्ही" आणि "आपण" यांची सरमिसळ. सगळीकडे "आपण". वर "विषय", "संदर्भ", खाली "आपला विश्वासू". तारखा एकाच पद्धतीनं, बाकी आकडे सगळे देवनागरीत.

आणि मग तिनं शेवटची चाळण लावली. एका वस्तूला एकच नाव. अभिनंदननं एकदा "गार्ड" लिहिलं होतं, एकदा "सेफ्टी कव्हर". कामगार तिला नुसतं "जाळी" म्हणायचे. कार्यालयानं "संरक्षक जाळी" म्हटलं होतं, म्हणून तिनं दोन्हीकडे तेच घातलं.

घातलं आणि हात थांबला.

दुसऱ्या ओळीत आता लिहिलं होतं, "संरक्षक जाळी तात्पुरती काढलेली असताना". आणि चौथ्या ओळीत, "संरक्षक जाळी नेहमी बसवलेली असते". दोन वेगवेगळ्या नावांच्या आड दोन वाक्यं गुण्यागोविंदानं नांदत होती. नाव एक झाल्याबरोबर एकमेकांच्या उरावर बसली.

ती उठून अभिनंदनच्या टेबलापाशी गेली. "गार्ड आणि सेफ्टी कव्हर एकच ना?"

"एकच. का?"

"मग एका ओळीत काढलेली आहे, एका ओळीत लावलेली आहे."

अभिनंदननं वाचलं. कान लाल झाले. "मग सेकंडवाली ओळ उडवा."

"आणि तात्पुरती म्हणजे किती दिवस? साहेब विचारणार."

"ताई." त्यानं पेन खाली ठेवलं. "लँग्वेज. ओन्ली लँग्वेज."

आता खरं सांगायचं तर रोशनीला हे विचारायची गरजच नव्हती. जाळी दिवाळीनंतर हंगाम धरला तेव्हापासून नव्हती. पट्टा सारखा ढिला व्हायचा, तो आवळायला दर वेळी जाळीचे सहा बोल्ट काढायचे आणि परत लावायचे, त्यात अर्धा तास जायचा. एक दिवस अभिनंदननं मगन मिस्त्रीला सांगितलं, राहू दे ना यार काढलेली, सीझन आहे. मगननं जाळी भिंतीला टेकवून ठेवली. रोज पाण्याच्या माठाकडे जाताना रोशनी त्या जाळीशेजारून जायची. एकदा तिच्या ओढणीचं टोक त्यात अडकलंही होतं. तिनं सोडवलं आणि पुढं गेली.

सगळ्यांना दिसायचं. सगळे पुढं जायचे.

ती जागेवर परत आली आणि तिनं चौथी ओळ उडवली. दुसरी नीट बसवली: "देखभालीसाठी संरक्षक जाळी तात्पुरती काढलेली असताना, सदर महिला कामगाराने सूचनांचे पालन न करता मशीनच्या पट्ट्याजवळ हात घातला." कुठं अडखळत नव्हतं. तिनं ते पुन्हा वाचलं आणि तिला, लाज वाटायला हवी तिथं, बरं वाटलं. अभिनंदनच्या खिचडीत जे खोटं तोतरं बोलत होतं, ते आता धोतर-टोपी घालून सभेत उभं राहिलं होतं. असल्या वाक्यावर कुणीही विश्वास ठेवला असता. भाषा सुधारणं म्हणजे काय, हे तिला त्या वाक्यानं कळलं. पण कळायला दुसऱ्या दिवसाची संध्याकाळ व्हावी लागली.

दुसऱ्या दिवशी दुपारी चार वाजता मेल जायचा होता. पण कांतीलालशेठच्या पेढीचा एक रिवाज होता. कागद आधी कानावरून जातो, मग दारावरून. शेठच्या आजोबांपासूनचा. राजस्थानातून आले तेव्हा त्यांना इथली अक्षरं वाचता येत नसत, म्हणून प्रत्येक चिठ्ठी लिहिणाऱ्यानं मोठ्यानं वाचून दाखवायची. शेठना वाचता येत होतं, चष्मा लावून व्यवस्थित येत होतं. तरी रिवाज राहिला. मेल आला, मोबाईल आला, रिवाज हलला नाही. अभिनंदनला त्याचा वैताग. पहिला मेल त्यानं घाईत न वाचताच पाठवला होता, आणि तो परत आला म्हणून शेठनी कालच त्याला ऐकवलं होतं, "कानावरून गेला नाही, मग परतच येणार."

"वाच बेटा," शेठ रोशनीला म्हणाले. गादीवर पाय मुडपून बसले, डोळे मिटले.

भिंतीला लागून बाकड्यावर सिंधुबाई बसली होती.

दवाखान्याचे कागद द्यायला आली होती, रजेच्या अर्जावर अंगठा करायला थांबली होती. चाळीशीची बाई. उजव्या हाताला कोपरापर्यंत पांढरं बँडेज, तो हात ती डाव्या हातानं छातीशी धरून बसायची, लेकरू धरावं तसा. तिच्यासमोर पहिला मेल वाचला असता तर तिला काय कळलं असतं? रिमूव्ह, फॉलो, इन्जुरी. तिनं मान डोलावली असती. साहेबलोक बोलतात तसं काहीतरी चाललंय, असं समजून बाहेर पथारीकडे बघत बसली असती.

रोशनीच्या मनात आलं, तिला जरा बाहेर बसवावं. पण ते म्हणायचं कसं? ती वाचू लागली.

आवाज चांगला होता तिचा. विषय, संदर्भ, महोदय. शेठ मान हलवत होते. "वा," ते मध्येच म्हणाले. "याला म्हणतात कागद."

"...सदर महिला कामगाराने सूचनांचे पालन न करता मशीनच्या पट्ट्याजवळ हात घातला..."

"कोन?"

बाकड्यावरून आवाज आला. रोशनी थांबली.

"सदर महिला म्हंजे कोन वं, रोशनी?" सिंधुबाईनं विचारलं. "मीच ना?"

रोशनीनं बोट त्या ओळीवरच ठेवलं.

"सूचना म्हंजे सांगेल गोट ना? पालन नही करं म्हंजे आयकं नही." तिनं एकेक शब्द दातानं फोडून बघितला. "माले मगननी सांगं, काकी, पट्टाखालनी मिरची झाडी ले. मी झाडी. मी आयकं, म्हनीसन तं हात गया मन्हा! नही आयकती तं बोटे ऱ्हातीत!"

"काकी, हे ऑफिसचं मॅटर आहे," अभिनंदन म्हणाला. "तुम्ही टेन्शन नका घेऊ. फक्त फॉर्मॅलिटी आहे."

"तू गप रे भाऊ. तुन्हं बोलनं माले समजत नही. इन्हं समजनं." तिनं रोशनीकडे डाव्या हाताचं बोट केलं. "चांगलं लिखं तू, बाई. येकेक शब्द समजना. मन्हा हातवर मन्हंच नाव टाकी दिधं."

रोशनीनं हातातला कागद खाली घेतला. ही स्तुती होती. दोन वर्षांत तिच्या मराठीची कुणी केलेली सगळ्यात खरी स्तुती.

शेठनी डोळे उघडले. "जाळी कधीपासून नव्हती?" त्यांनी अभिनंदनला नाही, रोशनीला विचारलं.

"पप्पा, वी डिस्कस्ड..."

"तिला विचारतोय."

"दिवाळीपासून," रोशनी म्हणाली.

शेठनी दाराबाहेर बघितलं. बाहेर मिरची ओढायच्या फावड्यांचा खरवडल्यासारखा आवाज येत होता. रोशनीला वाटलं, म्हातारा आता खरं बोलणार. चाळीस वर्षं कागद ऐकलेला माणूस. कानाला खोटं कळत असेल.

"ते वाक्य जरा गोल कर," शेठ म्हणाले. "बाईचं नाव नको, दोष नको. 'हात अनवधानाने गेला' असं लिही. जाळीचं थोडक्यात. सिंधु, तुला काय कमी पडू देणार नाही आम्ही. घरची माणसं आहोत."

तर कळलेलं असूनही माणूस असा वागतो. ओरडणाऱ्यापेक्षा हळू बोलणारा जास्त कापतो.

आणि रोशनीला नेमकं ठाऊक होतं गोल केल्यावर काय उरतं. कामगारानं मुद्दाम सूचना मोडली असं ठरलं तर तिचा भरपाईचा हक्क जाऊ शकतो, हे तिनं त्याच कार्यालयाच्या जुन्या परिपत्रकात वाचलं होतं. आणि "अनवधानाने" म्हटलं तरी जाळीचा प्रश्न हवेत विरणार. साहेब फाईल बांधणार. सिंधुबाई दोन बोटं कमी घेऊन देठ खुडायला बसणार, आणि आयुष्यभर लोक म्हणणार, बाईनंच हात घातला होता, कागदावर आहे तसं.

ती संगणकापाशी गेली. वाक्य पुसलं. टाइप करू लागली. तीच शैली, तोच सूर, "आपण"चं "आपण". मग उभी राहून वाचलं, कारण रिवाज होता.

"मशीनवरील संरक्षक जाळी मागील दिवाळीपासून बसवलेली नव्हती. जाळी न बसवण्याची सूचना व्यवस्थापनाने दिली होती. अपघाताच्या वेळी महिला कामगार, दिलेल्या सूचनेनुसारच, पट्ट्याखाली सांडलेली मिरची झाडत होती."

"आर यू मॅड?" अभिनंदन ओरडला.

"कार्यालयानं एकसंध मागितलंय. एकसंध आहे."

"डिलीट करा ते."

"भाषा माझी, मजकूर तुमचा, असं ठरलं होतं ना? मग मजकूर तुम्ही पुसा. मी लिहिलेलं मी पुसणार नाही."

अभिनंदननं तिच्या हातून माउस जवळजवळ ओढलाच. घड्याळात पाचला दहा कमी. नवं लिहायला वेळ नव्हता आणि त्याला येतही नव्हतं. तिची तिन्ही वाक्यं निवडून त्यानं पुसली आणि तिथं आपली जुनी ओळ चिकटवली. वर रोशनीचं "महोदय", खाली रोशनीचं "आपला विश्वासू", आणि मध्ये, नव्या लुगड्याला गोणपाटाचं ठिगळ लावावं तसं, "गार्ड टेम्पररी रिमूव्ह केलेला असताना वर्करने इन्स्ट्रक्शन्स फॉलो न करता". या वेळी कानावरून गेलं नाही. शेठनी मागितलंही नाही. ते परत डोळे मिटून बसले होते.

मेल गेला.

"उद्यापासून येऊ नका," अभिनंदन म्हणाला. हे वाक्य मात्र त्यानं एकाही इंग्रजी शब्दाशिवाय म्हटलं. रागात माणूस शुद्ध बोलतो.

रोशनीनं डबा उचलला, ओढणी घेतली. फाटकापाशी मगन मिस्त्री भेटला. त्यानं सगळं खिडकीतून ऐकलं होतं. तो वाटेतून बाजूला झाला. मागून चपला फटफटवत सिंधुबाई आली.

"रोशनी, थांब वं. तुन्ही नवकरी मन्हापायी गयी."

"तुझ्यापायी नाही, काकी. काल मी तेच वाक्य नीट करून लिहिलं होतं. छान जमलं म्हणून खूशही झाले होते. नोकरी कालच जायला पाहिजे होती."

सिंधुबाई थोडा वेळ तिच्या शेजारून चालली. मग म्हणाली, "तो मेल का काय शे, मन्हा नावतीन बी जास का?"

"जातो की."

"मंग लिख."

सिंधुबाईचं घर पथारीपासून चालत दहा मिनिटांवर. पत्र्याच्या सावलीत खाट टाकली. रोशनीनं मोबाईलवर लिहायला घेतलं. सिंधुबाई अहिराणीत सांगत होती, रोशनी प्रमाण मराठीत मांडत होती. मध्ये एकदा सिंधुबाई म्हणाली, "मी बोलस तसंच लिख ना. मन्ही बोली काय वाईट शे का?"

"वाईट नाही. पण ते साहेब कुठले असतील काय माहीत. त्यांना एकही शब्द अडायला नको. अडला की तेवढंच कारण मिळतं त्यांना कागद परत पाठवायला."

"हां. मंग तुन्हा साळानंच लिख. पन वाची दखाड. येकेक."

रिवाज शेठचा, पण तो आता इथं बसला होता. रोशनीनं पहिलं वाक्य वाचलं. "मी, सदर महिला कामगार..."

"ते काढ."

"काय?"

"सदर. तो शब्द मन्हा हात खाई गया. मी सिंधुबाई शे. नाव लिख."

रोशनी क्षणभर बोटं वर धरून बसली. "सदर" हा तिचा आवडता शब्द होता. तलाठ्याच्या भिंतीवरून उचललेला. तो घातला की वाक्याला बूट घातल्यासारखं वाटायचं. इंग्रजी शब्दांना तिनं काल वेचून वेचून हाकललं होतं, आणि हा एक आपल्यातलाच लबाड आत बसून राहिला होता. माणसाचं नाव पुसणारा शब्द कुठल्याही भाषेतला असो, तो घाणच.

तिनं तो काढला. "मी सिंधुबाई, मिरची कारखान्यात सात वर्षे काम करते."

"हां. आते समजनं मी कोन ते."

मग "संरक्षक जाळी" गेली, नुसती "जाळी" आली. "इजा" गेली. "माझी दोन बोटे तुटली" आलं. "प्रथमोपचार" ऐकून सिंधुबाईनं विचारलं तो काय. सांगितल्यावर म्हणाली, "हळद लायी आनि रिक्षाम्हा बसाडं. तेच लिख." रोशनीनं तेच लिहिलं. जाळीची ओळ आली. रोशनीनं वाचली: "दिवाळीपासून पट्ट्यावर जाळी नव्हती. ती भिंतीला टेकवून ठेवली होती. हे मी रोज पाहिले."

"तू बी देखेल व्हती ना?"

रोशनीनं पडद्यावरून बोट उचललं.

"हो."

"मंग ते बी लिख."

खाली तिनं वेगळं वाक्य जोडलं. "हे निवेदन लिहून देणारी मी रोशनी, त्याच कारखान्यात पत्रव्यवहाराचे काम करत होते. जाळी नव्हती हे मीही रोज पाहत होते आणि मी कुणालाही सांगितले नाही." तिनं ते मोठ्यानं वाचलं. आयुष्यात तिनं इतकं साधं आणि इतकं अवघड मराठी लिहिलं नव्हतं.

सगळं पुन्हा एकदा पहिल्यापासून वाचलं. एका सुरात होतं. साहेबाला कळलं असतं, सिंधुबाईला कळत होतं. पाठवायचं बटण सिंधुबाईनं दाबलं, डाव्या हातानं. एकदा चुकलं, दुसऱ्यांदा लागलं.

"गया?"

"गेला."

"येवढंच?" ती म्हणाली आणि पत्र्याखाली बसून उजव्या हाताकडे बघत राहिली.

आठ दिवसांनी, होळीच्या आदल्या दिवशी, रोशनीचा फोन वाजला. अभिनंदन. आवाज बसलेला.

"ताई, नोटीस आली आहे. ते इन्स्पेक्शनला येतायत. म्हणतात, दोन्ही मेल टॅली होत नाहीत. आमच्या मेलमध्ये गार्ड टेम्पररी, आणि त्या बाईच्या मेलमध्ये दिवाळीपासून. एक्स्प्लेन करा म्हणतात. मगन पण त्यांना काहीतरी बोललाय वाटतं फोनवर. प्लीज, एकदाच. जरा लँग्वेज..."

"जाळी बसवली?"

"हो ना. फिट केली. पेंटपण केला."

"कधी?"

मागं कुठंतरी शेठ खोकले.

"परवा बसवली."

"हेच लिहा," रोशनी म्हणाली. "परवा बसवली. पूर्ण मराठी आहे, अभिनंदनभाऊ. दुरुस्त करायला त्यात काही नाही."

तिनं फोन ठेवला.